चॅटमधल्या ओळींची रिलीज नोट करण्याआधीची तयारी

डेव्हलपर चॅटमध्ये टाकतात त्या ओळींवरून रिलीज नोट, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदललं ते वापरणाऱ्यांना सांगणारा मजकूर, लिहायचा असेल तर आधी वाचणारा कोण ते नक्की करा. उदाहरणासाठी गृहनिर्माण सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं काढणारं सॉफ्टवेअर घेऊ. त्याची नोट वाचतात सोसायटीचे खजिनदार आणि सचिव, आणि हेल्पलाइनवर फोन घेणारी मंडळी. खजिनदारांना हिशेब चोख कळतो, पण सर्व्हरच्या पोटात काय चालतं हे त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. त्यांना तीनच गोष्टी हव्या असतात: मला काय वेगळं दिसेल, कधीपासून दिसेल आणि मला काही करावं लागेल का.

दुसरी तयारी म्हणजे बदलांची पूर्ण यादी. ती नुसत्या चॅटवरून करू नका. चॅटमध्ये डेव्हलपर बोलले तेवढंच असतं. शिवाय सोमवारी 'झालं' म्हणून टाकलेला बदल गुरुवारी मागे घेतला, तर ती बातमी बऱ्याचदा दुसऱ्याच थ्रेडमध्ये सापडते. मागच्या आणि या आवृत्तीमधल्या नोंदी कोडच्या भांडारातून काढून घ्या:

```
git log --oneline v2.7.0..v2.8.0
```

या यादीत ज्यांचा संदेश `Revert` ने सुरू होतो त्या ओळी आधी शोधा आणि त्यांनी मागे घेतलेले बदल खोडून टाका. मग चॅटमधली प्रत्येक ओळ यादीतल्या नोंदीशी जुळवा. जी ओळ जुळत नाही तिच्याबद्दल विचारल्याशिवाय एक शब्दही लिहू नका.

समजा, जुळवाजुळवीनंतर या तीन ओळी हातात राहिल्या:

```
dup receipt fixed, idem key on callback
late fee cutoff UTC -> IST, done
PDF ledger merged, behind flag
```

या ओळींचा नुसता मराठी अनुवाद केला तर नोट होत नाही. डेव्हलपरने स्वतः काय केलं ते सांगितलं आहे, वाचणाऱ्याच्या बाजूला काय घडेल ते इथे लिहिलेलंच नाही. ते विचारूनच मिळतं. म्हणून प्रत्येक ओळीमागे चार प्रश्न तयार ठेवा: हे कोणाला आणि कुठल्या पानावर दिसेल? आधी काय व्हायचं, आता काय होईल? जुन्या नोंदींचं काय? आणि हे आत्ता सगळ्यांसाठी सुरू आहे का? प्रश्न त्याच थ्रेडमध्ये विचारा, म्हणजे उत्तर पुढेही सापडतं.

पहिली ओळ घ्या. सभासदाने पैसे भरले की पेमेंट गेटवे सर्व्हरला तसा निरोप पाठवतो. सर्व्हरकडून वेळेत पोच मिळाली नाही तर तोच निरोप पुन्हा येतो, आणि प्रत्येक निरोपाला नवी पावती निघत होती. आता व्यवहार क्रमांक पाहून दुसरा निरोप ओळखला जातो. यातलं नोटमध्ये फार तर अर्धं वाक्य जाईल. खरी माहिती तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असते: आधी निघालेल्या दुहेरी पावत्या तशाच आहेत, त्या आपोआप रद्द होत नाहीत. 'दुरुस्त झालं' वाचून खजिनदार जुना घोळही मिटला असं धरून चालतात आणि ताळेबंदाच्या वेळी जमा रक्कम जास्त दिसते. दुहेरी पावती पाहिल्यावर सभासदाच्या मनात पहिली शंका येते ती पैसे दोनदा गेल्याची. त्याचंही उत्तर डेव्हलपरकडून पक्कं करून घ्या. ते मिळालं की मजकूर असा होतो:

'एका भरण्याच्या दोन पावत्या निघण्याची अडचण दूर झाली आहे. सभासदांच्या खात्यातून पैसे एकदाच गेले होते, पावती मात्र दोनदा निघत होती. यापूर्वी निघालेल्या जादा पावत्या आपोआप रद्द झालेल्या नाहीत. पावत्यांच्या पानावर एकच व्यवहार क्रमांक दोनदा दिसत असेल, तर नंतरची पावती रद्द करा.'

दुसरी ओळ दिसते साधी, पण सगळ्यात जास्त फोन तिच्यामुळे येतात. मेंटेनन्स भरायची शेवटची तारीख 10 आहे असं धरा. सर्व्हरचं घड्याळ UTC वर होतं, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. कुणी 11 तारखेला पहाटे 2 वाजता पैसे भरले, तर सर्व्हरच्या लेखी ते 10 तारखेला रात्री 8.30 वाजता आले. विलंब शुल्क लागत नव्हतं. म्हणजे 11 तारखेच्या पहाटे साडेपाचपर्यंतची सवलत कुणी न ठरवताच मिळत होती. आता मुदत 10 तारीख संपताना, मध्यरात्री 12 वाजता संपेल. डेव्हलपरच्या दृष्टीने ही चूक सुधारली, पण पहाटे पैसे भरणाऱ्या सभासदाला मात्र कधी न लागलेलं शुल्क लागणार आहे. त्यामुळे ही ओळ 'दुरुस्त्या' या मथळ्याखाली दडवू नका. ती 'तुम्हाला जाणवणारे बदल' मध्ये सर्वांत वर हवी, कुठल्या महिन्याच्या बिलापासून लागू ते लिहून, आणि सचिवांना सूचना फलकावर लावता येईल इतक्या आधी.

तिसरी ओळ नोटमध्ये घेऊच नका. कोड मर्ज झाला, तो सर्व्हरवर चढला आणि वापरणाऱ्यासाठी सुरू झाला, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. `behind flag` म्हणजे कोड जागेवर पोहोचला असला तरी त्याचं बटण बंद आहे. अशी ओळ चुकून गेली की खजिनदार खतावणीची पीडीएफ शोधत बसतात आणि हेल्पलाइनवरच्या माणसालाही ती सापडत नाही. मोबाइल ॲपबाबत आणखी एक खबरदारी: आवृत्ती टप्प्याटप्प्याने सोडली असेल, तर ती सगळ्यांकडे एकाच दिवशी पोहोचत नाही. ॲपल ॲप स्टोअरवरचं टप्प्याटप्प्याचं वितरण 7 दिवस चालतं. तेव्हा 'आजपासून' न लिहिता आवृत्तीचा क्रमांक आणि तो ॲपमध्ये कुठे दिसतो ते लिहा.

मजकुरावरून हात फिरवताना 'विविध सुधारणा केल्या', 'कामगिरी वाढवली' अशी वाक्यं काढून टाका. वेग वाढला असेल तर कुठल्या पानाचा आणि किती, ते मोजलेलं असेल तरच लिहा. चॅटमधून उचललेल्या स्क्रीनशॉटमध्ये सभासदाचं नाव, फ्लॅट क्रमांक किंवा फोन नंबर राहिला नाही ना, हेही पाहा.

शेवटी दोघांना वाचायला द्या. बदल करणाऱ्या डेव्हलपरने फक्त खरं-खोटं तपासावं. त्याने भाषा सुधारायला घेतली की `callback` पुन्हा आत येतो. दुसरी वाचणारी व्यक्ती हेल्पलाइनवरची असू द्या. नोट बाजूला ठेवायला सांगून विचारा, 'अकरा तारखेला पहाटे पैसे भरलेल्या सभासदाचा फोन आला, तर काय सांगाल?' उत्तर अडखळलं तर दुसऱ्या ओळीचा मजकूर पुन्हा लिहा, आणि तो जमेपर्यंत नोट पाठवू नका.