गडद काळ्या वर्णावर भडक रंग कसे निवडावेत

गर्द काळ्या त्वचेला भडक रंग शोभत नाहीत, हा समज उलटा आहे. अशा त्वचेवर मार खातात ते मळकट रंग: राखाडी झाक असलेला गुलाबी, मातकट हिरवा, त्वचेच्याच जवळ जाणारा तपकिरी. कपड्यातली राखाडी झाक चेहऱ्यावर उतरल्यासारखी वाटते आणि त्वचा राख फासल्यागत निस्तेज दिसते. राणी, रॉयल ब्लू, झेंडूसारखा पिवळा, शेंदरी, पाचूसारखा हिरवा या रंगांत राखाडी जवळपास नसतो, म्हणून ते उठून दिसतात.

आधी त्वचेची झाक ओळखा. मनगटाच्या शिरा बघायची युक्ती इथे चालत नाही, कारण इतक्या गडद त्वचेत शिरांचा रंग कळतच नाही. त्याऐवजी दोन लाल कापडं घ्या, एक टोमॅटोसारखं केशरीकडे झुकणारं आणि दुसरं डाळिंबी, म्हणजे गुलाबीकडे झुकणारं. दिवसा खिडकीशी उभं राहून, ऊन थेट अंगावर न घेता, ती आळीपाळीने हनुवटीखाली धरा. नजर कापडावर नको, डोळ्यांखाली आणि ओठांभोवती ठेवा. तिथला काळेपणा कमी वाटतो ते कापड तुमचं. टोमॅटो जिंकला तर त्वचेत तांबूस-सोनेरी झाक आहे, डाळिंबी जिंकलं तर निळसर. दोन्ही सारखीच वाटली तर झाकेचा विचार सोडून द्या, तुम्हाला बहुतेक भडक रंग चालतील.

आता पिवळा शर्ट घ्यायचा आहे असं धरा. तांबूस झाकेला झेंडूचा पिवळा घ्या, निळसर झाकेला लिंबाचा. मोहरीचा पिवळा मात्र जपून घ्या, कारण त्यात तपकिरी मिसळलेला असतो आणि एक-दोन छटा इकडेतिकडे झाल्या की तो मळका दिसतो. शर्ट गळ्याशी धरून डोळे अर्धवट मिटा. कॉलरची कड आणि मान वेगवेगळी दिसली पाहिजे, एकमेकांत मिसळता कामा नये.

वाइन, बाटलीचा हिरवा, नेव्ही हे रंग याच कसोटीवर अडकतात. ते वाईट नाहीत, पण त्वचेइतकेच गडद असल्याने साध्या सुती कापडात चेहरा आणि कपडा एक होतो. तेच रंग साटिनसारख्या चमकत्या कापडात घेतले किंवा गळ्याशी उजळ पट्टी ठेवली तर खुलतात.

निऑनचं तंत्र वेगळं. त्याचा उजेड हनुवटीखाली परावर्तित होतो आणि जबड्यावर हिरवट किंवा गुलाबी छटा पडते. आवडत असेल तर पॅन्ट, मोजे, पिशवीत वापरा, चेहऱ्यापासून लांब.

मोबाइलच्या फोटोवरून निर्णय घेऊ नका. उजळ कपडा समोर आला की कॅमेरा प्रकाश कमी करतो, चेहरा आणखी काळा येतो आणि उत्तम रंगाचा कपडा नाहक परत जातो. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांचंही तसंच आहे, कपडा दारापाशी नेऊन बघा.

आणि धुताना कपडा उलटा करा, गार पाणी वापरा, सावलीत वाळवा. सुती राणी रंग विटला की तो पुन्हा तोच राखट गुलाबी होतो.