50 हजारांची फायर टाकी 36 हजारांवर कशी येते: या चुका टाळा

तालुक्याच्या गावातलं तीन मजली रुग्णालय धरा. फायर टाकी 50,000 लिटरची मागितली आहे. नकाशात आतली मापं 5 बाय 4 बाय 2.5 मीटर लिहिली की गुणाकार बरोबर 50 घनमीटर येतो आणि सगळे खूश. पण पंपाला शेवटचा थेंब ओढता येत नाही. तळाशी 30 सेंमी पाणी राहिलं की सक्शनमध्ये हवा शिरायला लागते. वर ओव्हरफ्लोसाठी 30 सेंमी मोकळे सोडावेच लागतात. उरली 1.9 मीटर, म्हणजे 38,000 लिटर. साफसफाईच्या वेळी निम्मी तरी भरलेली राहावी म्हणून टाकीचे दोन कप्पे करतात. मधली 20 सेंमीची भिंत आणखी दीड हजार लिटर खाते. राहिले साडेछत्तीस हजार. याच मापाच्या टाकीची आतली उंची सव्वातीन मीटर हवी होती. हे स्लॅब पडल्यावर कळलं तर इलाज नाही.

दुसरी चूक याहून वाईट: टाकी जमिनीत आणि पंप वर, जमिनीवर. अशा पंपाचा सगळा भरवसा फूटव्हॉल्व्हवर, म्हणजे सक्शन पाईपच्या तळाशी पाणी अडवून धरणाऱ्या झडपेवर. त्यात कचऱ्याचा एक कण अडकला की पाईपमधलं पाणी हळूहळू टाकीत उतरतं. सहा महिने न चाललेला पंप ऐनवेळी सुरू केला की मोटर फिरते, प्रेशर गेजचा काटा मात्र शून्यावर. पंपाचं सक्शन कायम पाण्याखालीच हवं. टाकी जमिनीत असेल तर पंपरूमही तेवढीच खोल न्यावी लागते. मग उतरायला जिना आला, पावसाळ्यात झिरपलेलं पाणी उपसायला खड्डा आणि वेगळा पंप आला.

आपल्याकडे खेड्यात जागेची एवढी ओढाताण कुठे असते? टाकी सरळ जमिनीवर बांधा, शेजारी पंपरूम. काळ्या मातीत खोल खोदकाम वाचतं आणि पाणी आपसूक पंपापर्यंत येतं. फक्त पाया मुरमापर्यंत न्या, उन्हाळ्यात ही माती भेगाळते. डिझेल पंपाची जागाही आत्ताच धरा, लाईट जाणारच आहे.

वापराच्या पाण्याचं एक सांगून ठेवतो. टँकर किंवा बोअरचं पाणी आधी फायर टाकीत सोडा, तिच्या ओव्हरफ्लोनं वापराची टाकी भरू द्या. पाणी खेळतं राहतं आणि मे महिन्यात कोणी फायरचं पाणी अंघोळीला उपसत नाही. दोन्ही टाक्यांना एकच पाईप जोडून ‘व्हॉल्व्ह बंद ठेवू’ म्हणणाऱ्यांचा तो व्हॉल्व्ह एप्रिलातच उघडतो.

हायड्रंटचा व्हॉल्व्ह जिन्याच्या लँडिंगवर, फरशीपासून साधारण 1 मीटरवर. हायड्रंटचा पाईप ज्यातून जातो त्या डक्टचं दार पूर्ण उघडतं का, एवढं नकाशात कंसाने काढून पाहा. स्प्रिंकलरच्या खाली 50 सेंमी मोकळं ठेवा, औषधांच्या स्टोअरमध्ये रॅकची उंची त्यावरूनच ठरवा.