शेवटच्या खांबाला कोण धरतंय? कमान, कॉर्बेल आणि घुमट समजून घेताना

पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात मी एका शाळेचा व्हरांडा काढला होता. तीन-तीन मीटरच्या पाच कमानी आणि त्यांच्यामध्ये विटांचे नऊ इंची चौरस खांब. रेंडरिंगवर तीन रात्री घालवल्या होत्या. ज्यूरीला आलेल्या सरांनी टोकाच्या खांबावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "ह्याला पलीकडून कोण धरतंय?" मला प्रश्नच कळला नाही. खांब जमिनीवर उभा आहे, वजन खाली जातंय, मग त्याला बाजूने धरायचं कशाला?

आज मी पहिल्या वर्षाला शिकवते आणि दरवर्षी वीस-पंचवीस शीट्सवर तोच खांब बघते. म्हणून हे लिहिते आहे. कमान, कॉर्बेल आणि घुमट पाठ्यपुस्तकात तीन वेगळ्या धड्यांत येतात. तिन्हींना एकच प्रश्न विचारलात तर ते एकत्र उलगडतात: बाजूला जाणारा रेटा आहे का, आणि असेल तर तो घेतंय कोण?

आधी कमान. एक साखळी घ्या, दोन्ही टोकं दोन हातांत धरा आणि मधे लोंबू द्या. ती खोल लोंबत असेल तर हातांना फारसं काही जाणवत नाही. आता हात लांब करत साखळी जवळजवळ सरळ करायला जा. वजन तेवढंच आहे, पण हात आत ओढले जातात, आणि साखळी जितकी सपाट होत जाते तितकी ओढ वाढते. हीच आकृती उलटी केली की कमान होते. साखळीत जिथे ताण होता तिथे दगडा-विटांत दाब येतो, आणि हातांना आत ओढणारं बळ टेकूला बाहेर ढकलणारा रेटा होतं. रॉबर्ट हूक यांनी ही गोष्ट १६७५ मध्ये मांडली आणि अजूनही समजून घ्यायला याहून सोपी वाट मला सापडलेली नाही.

माझ्याच व्हरांड्याचं गणित करू. कमानीवर दर मीटरला १००० किलो भार धरा. साधारण सव्वादोन मीटर उंचीची नऊ इंची भिंत तेवढी भरते. गाळा ३ मीटर, आणि मी कमान पसरट काढली होती, उंची फक्त अर्धा मीटर. रेट्याचं अंदाजी सूत्र असं:

H = wL² / 8f

इथे w म्हणजे दर मीटरचा भार, L म्हणजे गाळा आणि f म्हणजे कमानीची उंची. १००० गुणिले ९, भागिले ४, म्हणजे २२५० किलो. प्रत्येक टेकूवर खाली जाणारं वजन १५०० किलो, आणि बाजूचा रेटा त्याच्या दीडपट! तीच कमान दीड मीटर उंच, अर्धवर्तुळाच्या जवळची केली तर रेटा ७५० किलोवर येतो. सूत्र परवलयाकार कमानीचं आहे, त्यामुळे अर्धवर्तुळाला ते नेमकं बसत नाही, पण पहिल्या अंदाजाला पुरतं.

मधल्या खांबांवर डावीकडून आणि उजवीकडून सारखाच रेटा येतो, तो एकमेकांत संपतो, म्हणून ते बारीक असले तरी चालतात. टोकाच्या खांबाला मात्र पलीकडून कोणीच नाही. कमान २.४ मीटर उंचीवर टेकते असं धरलं, तर खांब उलथवणारा जोर २२५० गुणिले २.४, म्हणजे ५४०० किलो-मीटर. त्याला उभं ठेवणारं काय? वरून आलेले १५०० किलो आणि खांबाचं स्वतःचं अडीचशेच्या आसपास, तेही जास्तीत जास्त अर्ध्या खांबाच्या, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या अंतरावर. गुणाकार २०० किलो-मीटर. हवं त्याच्या सत्ताविसावा हिस्सा. सरांची पेन्सिल तिथेच का टेकली, ते मला हा हिशेब स्वतः केल्यावर कळलं.

उपाय तीन आहेत. टोकाला जाड भिंत किंवा पुश्ता द्या. कमान उंच करून रेटा कमी करा, तरी टोकाला थोडी जाडी लागतेच. किंवा कमान जिथून सुरू होते त्या पातळीवर दोन्ही टेकू लोखंडी सळईने बांधा. २२५० किलोच्या ताणाला साध्या पोलादाची १६ मिलिमीटरची सळई पुरते. जुन्या इमारतींतल्या कमानींत आडवा गज दिसतो ना, तो कंदील टांगायला नसतो. साखळी धरलेल्या तुमच्या दोन हातांचं काम तो करत असतो.

टेकू सरकलाय हे ओळखायचं कसं? कमानीच्या खालून, अगदी मध्यावर चीर उघडलेली असते, आणि दोन्ही बाजूंना टेकूजवळ चीर वरच्या अंगाला उघडते. कमान तीन ठिकाणी बिजागरीसारखी वाकलेली असते. एका वाड्याच्या कामावर मी हे पाहिलं. मालकांनी दुकानासाठी बाजूची भिंत काढली होती, आणि गवंडी कमानीच्या मध्यावरची चीर परत परत चुन्याने भरत होता. चीर मध्यावर दिसत होती, दुखणं मात्र काढलेल्या भिंतीत होतं.

आता कॉर्बेल. ह्याला चार विटा पुरतात. टेबलाच्या कडेशी त्या एकावर एक रचा आणि प्रत्येक वीट खालच्या विटेपेक्षा पुढे काढत चला. विटेची लांबी २३ सेंटिमीटर धरा. सर्वांत वरची वीट तिच्या खालच्या विटेच्या पुढे निम्मी, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटर निघू शकते. तिच्या खालची ५.७५, त्याखालची ३.८, आणि सर्वांत खालची टेबलापुढे २.९. बेरीज जवळजवळ २४, म्हणजे वरची वीट टेबलाच्या पूर्णपणे बाहेर! ही अगदी काठावरची मर्यादा आहे, फुंकर मारली तरी कोसळेल, म्हणून प्रत्येक वीट थोडी मागे ठेवा. साइटवर एका थरात पाव विटेपेक्षा जास्त पुढे काढत नाहीत, आणि मागच्या बाजूवर भिंतीचं वजन बसवतात.

इथे बाजूला रेटा नाही. प्रत्येक थर सपाट बसलाय आणि वजन सरळ खाली देतोय. धोका वेगळा आहे: पुढचं वजन मागच्यापेक्षा भारी झालं की सगळं आत उलथतं. कमान टेकूला बाहेर ढकलते, कॉर्बेल आत झुकतो. हे वाक्य वहीत मोठं लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन्हींतला फरक इमारतीपुढे उभं राहून ओळखायचा तर आकारावर जाऊ नका, सांधे बघा. कॉर्बेलचे सांधे आडवे असतात, थर कितीही वर गेले तरी. खऱ्या कमानीचे सांधे केंद्राकडे वळलेले असतात. अंबरनाथच्या शिवमंदिरात, १०६० सालच्या त्या मंडपात, मधलं छत खालून घुमटासारखं दिसतं. पण ती एकावर एक आत सरकत गेलेली दगडी वलयं आहेत. वलय पूर्ण झालं की त्यातले दगड आत पडू शकत नाहीत, कारण शेजारचे दोन दगड त्यांना दाबून धरतात. सरळ भिंतीतल्या कॉर्बेलला ही सोय नाही.

घुमटाला मी संत्र्यापासून सुरुवात करते. अर्ध्या संत्र्याचं रिकामं साल ताटात पालथं घाला आणि वरून तळहाताने दाबा. कड फाटते, उभी, खालून वर. वरचा भाग शाबूत राहतो. अर्धगोल घुमट स्वतःच्या वजनाखाली असाच वागतो. वरच्या भागातली आडवी वलयं दाबात असतात, खालची ताणात, आणि हा बदल माथ्यापासून मोजलेल्या सुमारे ५२ अंशांवर होतो, म्हणजे तळापासून साधारण साठ टक्के उंचीवर. दगड, वीट आणि चुना ताण फारसा घेत नाहीत, म्हणून तिथे उभ्या चिरा येतात. रोमच्या पॅन्थिऑनच्या घुमटात त्या आहेत आणि तो एकोणीसशे वर्षं उभा आहे, कारण चिरलेला घुमट समोरासमोर टेकलेल्या फोडींच्या कमानी बनतो आणि त्यांचा रेटा तिथे जाड भिंत घेते. रेटा घेणारं कोणी नसेल तर मात्र चिरा रुंदावत जातात. सेंट पीटर्सच्या घुमटाला १७४० च्या दशकात लोखंडी कडी घालावी लागली ती ह्याचसाठी.

आता विजापूरला चला. सोलापुरातून सकाळी निघालं की दिवसात बघून होतं. मुहम्मद आदिलशाहचा गोलघुमट १६५६ मध्ये उभा राहिला. आतली खोली सुमारे ४१ मीटर चौरस, मधे एकही खांब नाही. घुमटाचा आतला व्यास जवळजवळ ३८ मीटर, तळाशी जाडी तीनेक मीटर. एवढा घुमट तळाशी चहूबाजूंनी बाहेर रेटतो. मग भिंतींच्या बाहेर अवाढव्य पुश्ते हवेत. तसे नाहीत. चार कोपऱ्यांना मनोरे आहेत, पण भिंतींचे मधले भाग सरळसोट आहेत.

उत्तर आत आहे. मान वर करून बघा: आठ कमानी एकमेकींना छेदत जातात, जणू दोन चौरस एकमेकांवर फिरवून ठेवलेत. त्यांच्यामधला बांधकामाचा भरणा वर चढता चढता आत झुकतो आणि चौरसाचा गोल करतो. पण तो घुमटाच्या व्यासावर थांबत नाही, आणखी आत जातो. वरचं गोल तोंड फक्त साडेएकोणतीस मीटरचं उरतं. घुमट मागे सरकून बसलाय, आणि त्याच्या पायाशी आत जो कट्टा उरला तीच कुजबुजीची गॅलरी.

म्हणजे भिंतीच्या आतल्या रेषेपासून साडेपाच मीटरहून जास्त आत, प्रचंड वजन लोंबतंय. ते भिंतीला आत ओढतं. घुमट तिला बाहेर ढकलतो. जेम्स फर्ग्युसन यांनी एकोणिसाव्या शतकात ह्या इमारतीचं स्पष्टीकरण असंच दिलं. तुमच्या टेबलावरच्या चार विटांचं आत उलथणं जो दोष होता, तोच इथे मुद्दाम कामाला लावलाय. हा भरणा नुसता कॉर्बेल नाही, तो कमानींवर उभा आहे. पण तोल साधण्याची युक्ती तीच.

गॅलरीत पोचलात की सगळे टाळ्या वाजवून प्रतिध्वनी मोजत असतील. तुम्हीही मोजा. मग कठड्याशी उभं राहून खाली बघा, तुमच्या पायाखाली भिंत नाही. वहीत तिथेच अर्धा छेद काढा: भिंत, आत झुकलेला भरणा, त्यावर मागे सरकलेला घुमट. घुमटाच्या पायथ्याशी बाहेर जाणारा एक बाण, आणि तुम्ही उभे आहात तिथून खाली जाणारा दुसरा.