संध्याकाळी डिलिव्हरी करायची? आधी किलोमीटर मोजा

नोकरीवरून सहाला घरी, दारात स्कूटर, खिशात फोन. कोल्हापूर, सांगली किंवा सोलापूरसारख्या शहरात अशा माणसाला पहिलं सुचतं ते खाण्याच्या डिलिव्हरीचं काम. ॲपवर दिवसाची कमाई ठळक आकड्यात दिसते आणि आपण खूश होतो. पण त्या आकड्यातून गाडीने किती खाल्लं ते ॲप सांगत नाही. तो हिशेब आपणच करायचा, आणि नाव नोंदवण्याआधी करायचा. खालचं उदाहरण कोल्हापूरचं आहे. आकडे नमुन्याचे आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला.

आधी गाडीचा दर काढा

टाकी फुल्ल करा, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा, आठवडाभर शहरातच चालवा आणि पुन्हा फुल्ल करा. जितके लिटर बसले त्याने किलोमीटरला भागा. कंपनीच्या जाहिरातीतलं ॲव्हरेज विसरा; सिग्नल, गल्ल्या आणि हॉटेलसमोरचं थांबणं-सुटणं यात ते मिळत नाही. समजा ४२ आलं आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे, तर किलोमीटरला अडीच रुपये झाले. दर तीन हजार किलोमीटरला सर्व्हिसिंगचे दीड हजार धरले की आणखी पन्नास पैसे. दोन टायर ३६०० रुपयांचे आणि ते १८ हजार किलोमीटर चालले, तर वीस पैसे. बेल्ट, ब्रेक शू, बॅटरी, एखादं पंक्चर आणि गाडीची घटणारी किंमत यांचे मिळून ऐंशी पैसे धरू. एकूण चार रुपये.

कागदपत्रं आणि विमा

लायसन्स, आरसी, आधार, पॅन आणि बँक खातं एवढ्यावर नोंदणी होते. बॅग आणि टी-शर्टचे पैसे बहुधा तुमच्याकडूनच घेतले जातात किंवा पहिल्या काही आठवड्यांच्या कमाईतून कापले जातात. ते किती आणि परत मिळतात का, हे आधीच विचारून घ्या. पॅन नीट जोडा. टीडीएस कापला गेला आणि तुमच्यावर तेवढा कर बसत नसेल, तर रिटर्न भरून तो परत मागता येतो.

विम्याकडे मात्र बहुतेक जण बघतच नाहीत. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असं एक कलम असतं. भाड्याने वापर किंवा मालवाहतूक त्यात साधारणपणे बसत नाही. डिलिव्हरीच्या फेरीत अपघात झाला तर कंपनी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. एजंटला तोंडी विचारून भागवू नका, लेखी उत्तर घ्या. डिलिव्हरी कंपनी स्वतःचा अपघात विमा देत असेल, तर तो फक्त लॉग-इन असताना लागू आहे की घरी परततानाही, तेही वाचा.

पेट्रोलच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीवर पैसे घेऊन माणसं नेण्याच्या फंदात पडू नका. महाराष्ट्रात २०२५ मध्ये आलेल्या धोरणानुसार बाइक टॅक्सी इलेक्ट्रिक हवी आणि तिला परवाना लागतो. तुम्ही सरकारी नोकरीत असाल, तर कोणतंही जोडकाम धरण्याआधी कार्यालयाची परवानगी लागते.

एक शुक्रवार मांडून पाहू

राजारामपुरीत सातला लॉग-इन केलं, दहा वाजून वीस मिनिटांनी बंद. सात ऑर्डरचे २४५ आणि इन्सेन्टिव्हचे ३०, म्हणजे ॲपवर २७५ रुपये. ॲपने मोजलेलं अंतर २४ किलोमीटर. गाडीच्या मीटरवर मात्र ४१! मधले १७ किलोमीटर रिकाम्या परतीचे आणि ऑर्डर उचलायला जाण्याचे. ४१ गुणिले चार म्हणजे १६४ रुपये गाडीला गेले. हातात राहिले १११, म्हणजे तासाला साधारण ३३ रुपये.

आता यातली एकच ऑर्डर बघू. उजळाईवाडीला सात किलोमीटर, मिळाले ५८ रुपये. उचलायला एक किलोमीटर आणि रिकामी परत सात धरून पंधरा झाले, खर्च साठ. पन्नास मिनिटं घालवून वर दोन रुपयांचा तोटा. ती सोडून दिली असती, तर अडीच तासांत ११३ रुपये उरले असते, तासाला ४५. रक्कम जवळपास तीच, वेळ मात्र वाचला, आणि त्या वेळेत नागाळा पार्क किंवा शाहूपुरीतली एखादी जवळची ऑर्डर झाली असती.

म्हणून ऑर्डर आली की रकमेकडे नंतर बघा. आधी उचलण्याचं, पोचवण्याचं आणि परतीचं अंतर मनात जोडा. रकमेला त्या बेरजेने भागून सहा रुपयांच्या खाली आलं, तर सोडून द्या. नाकारण्याने इन्सेन्टिव्ह जात असेल, तर तेही गणितात धरा. ३० रुपयांच्या इन्सेन्टिव्हसाठी दोन तोट्याच्या फेऱ्या मारण्यात अर्थ नाही.

वेळेचं नुकसान रस्त्यापेक्षा हॉटेलच्या दारात जास्त होतं. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे आपल्याकडे मटणाचे वार. तेव्हा ऑर्डरी भरपूर येतात, पण गाजलेल्या खानावळीत पार्सलला वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात. पहिल्या पंधरवड्यात वहीत हॉटेलचं नाव आणि थांबलेली मिनिटं लिहीत जा. कोणाकडे जायचं नाही ते आपोआप कळेल. आणि तांबडा-पांढरा नेणार असाल, तर पिशवीची गाठ तिथेच तपासा, डबे बॅगेत उभे ठेवा आणि मधल्या फटीत जाड कापड कोंबा. एकदा रस्सा सांडला की ग्राहकाची तक्रार तुमच्याच नावावर लागते, खानावळीच्या नाही.

रोख पैसे तुमचे नाहीत

कॅश ऑन डिलिव्हरीचे हजार-बाराशे रुपये रात्री खिशात असतात. त्यातूनच पेट्रोल भरलं, येताना दूध घेतलं, आणि आठवड्याच्या शेवटी खात्यात काहीच आलं नाही म्हणून माणूस चक्रावतो. ती रोकड कंपनीची असते. ती भरावी लागते किंवा कमाईतून वळती होते, आणि मर्यादेपेक्षा जास्त साचली तर ऑर्डरी थांबू शकतात. दुसऱ्या पाकिटात ठेवा, रात्रीच भरून टाका. 'कंपनीतून बोलतोय, ओटीपी सांगा' असा फोन आला तर लगेच ठेवा.

महिन्यानंतर

चार आठवड्यांनी तासाला हातात काय उरलं ते काढा. पन्नासच्या आतच अडकलं असेल, तर हप्त्यावर नवी गाडी घेऊन ते वाढणार नाही. रोज १२५ प्रमाणे वीस संध्याकाळी म्हणजे अडीच हजार, आणि तेवढा तर हप्ताच जाईल.

त्यापेक्षा आसपास डबे करणारी एखादी काकू शोधा. १६ डबे, चार हॉस्टेलं, नऊ किलोमीटरची एकच गोल फेरी, डब्याला दहा रुपये. १६० मधून गाडीचे ३६ गेले तरी १२४ उरतात, तेही सव्वा तासात, कारण इथे रिकामी परत जवळजवळ नाहीच. ॲपवर याच पैशासाठी पावणेचार तास गेले असते. फक्त काकूंशी तीन गोष्टी आधी बोलून घ्या: डबे किती वाजता तयार मिळतील, पैसे दर शनिवारी की महिन्याला, आणि सुट्टीत मुलं गावी गेली की आठ डब्यांसाठीही फेरी मारायची का.