शहाळे, नारळाचे दूध आणि पाकिटावरचे आकडे : लेबल ताज्या नारळाशी कसे ताडून पाहावे

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि घराघरांतल्या फ्रिजमध्ये शहाळ्याच्या पाण्याचे पाकीट येऊन बसते. पाकिटाच्या दर्शनी बाजूवर ‘नैसर्गिक’, ‘ताजे’ असे जे काही लिहिलेले असते, त्याकडे लक्ष न देता ते उलटे करावे आणि मागचा पोषणतक्ता व घटकांची यादी वाचावी.

आधी शंभर मिलीचा रकाना शोधावा. तुलना त्याच मापाने करावी. ‘प्रति सर्व्हिंग’ या रकान्यातले माप प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते.

खरी अडचण साखरेपाशी येते, आणि मी स्वतः तिथेच चुकलो होतो. आई तापातून उठली होती, म्हणून मी २०० मिलीची एक बाटली आणली. तक्त्यात ‘टोटल शुगर्स’ ९ ग्रॅम आणि ‘ॲडेड शुगर्स’ ५ ग्रॅम असे छापले होते. शहाळे मुळातच गोड असते, तेव्हा ही साखर त्यातलीच असणार, असे मी गृहीत धरले. प्रत्यक्षात हे आकडे शंभर मिलीचे होते. म्हणजे त्या एका बाटलीत वरून घातलेली साखर १० ग्रॅम, म्हणजे दोन चमच्यांहून थोडी अधिकच होती, आणि आईला मधुमेह आहे.

तेव्हापासून मी एक साधी वजाबाकी करतो. एकूण साखरेतून वरून घातलेली साखर वजा केली की जे उरते, ती नारळाची स्वतःची साखर असते. कोवळ्या शहाळ्याच्या पाण्यात ती शंभर मिलीला साधारण अडीच ते पाच ग्रॅम असते. मलई नुकतीच धरू लागलेल्या शहाळ्यात अधिक आणि पक्क्या नारळाच्या पाण्यात त्याहून कमी. त्यामुळे ‘ताज्या नारळात इतकीच साखर असते’ असा एकच आकडा सांगणाऱ्यांवर मुळीच विश्वास ठेवू नये. माझ्या बाटलीत ९ वजा ५ म्हणजे ४ ग्रॅम उरले, तेव्हा शहाळ्याचे पाणी खरे होते, साखर मात्र वरची होती. बाकी एखाद्या ग्रॅमवर आली, तर पाणी मिसळल्याची शंका घ्यावी आणि घटकांच्या यादीत नुसते ‘वॉटर’ आहे का ते पाहावे. उलट वरून घातलेली साखर शून्य आणि एकूण साखर आठ ग्रॅम असेल, तर यादीत दुसऱ्या फळाचा रस किंवा कॉन्सन्ट्रेट शोधावे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. साखर दुसऱ्या क्रमांकावर असेल, तर ते पेय मी शहाळ्याचे पाणी मानत नाही.

परिरक्षके ओळखणे त्या मानाने सोपे आहे. यादीत २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, २०२ म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट, आणि २२३ किंवा २२४ म्हणजे सल्फाइट. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, म्हणून हे दोन आकडे आमच्याकडे आधी पाहिले जातात. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. शहाळे फोडल्यावर काही वेळाने पाणी गुलाबीसर होते, ते टाळण्यासाठी ते घालतात. पाकीट महिनोन्महिने टिकते म्हणजे त्यात औषध असणारच, हा समजही चुकीचा आहे. क्षणभर खूप तापवून निर्जंतुक खोक्यात भरलेले पाणी परिरक्षकाशिवायही टिकते, फक्त ताजेपणाची चव तेवढी राहत नाही.

नारळाच्या दुधाच्या बाबतीत साखरेपेक्षा चरबी पाहावी. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार नारळाच्या दुधात किमान १० टक्के, ‘लाइट’मध्ये किमान ५ टक्के आणि ‘क्रीम’मध्ये किमान २० टक्के चरबी असावी लागते. घरच्या दुधाशी तुलना करायची, तर वरची मर्यादा काढता येते. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३३ ग्रॅम चरबी असते. ते पाणी घालून वाटून, पिळून २०० मिली दूध निघाले आणि सगळी चरबी त्यात उतरली, तरी शंभर मिलीला सोळा-सतरा ग्रॅमच होतील. चोथ्यात बरीच राहते, म्हणून खरा आकडा त्याहून कमीच असतो. पाकिटावर १७ ग्रॅम लिहिले असेल, तर ते दूध घरच्या दुधाहून दाट आहे, आणि सोलकढीला तेवढेच पाकीट ओतले तर ताटात चरबी जास्त येईल. अशा वेळी मी त्यात निम्मे पाणी घालतो.

४१२ आणि ४१५ हे गोंद व ४३५ हा पायसीकारक, ही परिरक्षके नव्हेत. दूध फुटून साय वेगळी होऊ नये एवढ्यासाठी ती असतात. ती नसलेल्या पाकिटात वर घट्ट थर आणि खाली पातळ पाणी दिसते. ते खराब झालेले नसते, हलवून वापरावे. पण पाकीट फुगले असेल किंवा उघडल्यावर आंबूस वास आला, तर ते टाकून द्यावे.