पँटचा ३४ आणि चड्डीचा ९५

होजिअरीच्या दुकानात कामाला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून जी चूक झाली, तीच या कामात नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक मुलगा करतो. एक काका आले आणि म्हणाले, "माझी पँट चौतीस आहे, त्या हिशेबाने दोन अंडरवेअर द्या." मला गणित येत होते. चौतीस इंच गुणिले २.५४ म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटर, म्हणून मी आत्मविश्वासाने ८५ नंबरचा बॉक्स फोडला. आठ दिवसांनी काका परत आले. इलॅस्टिक पोटाखाली दुमडून त्याची दोरी होत होती आणि रात्री कपडे बदलले तरी कमरेवरचा वळ जात नव्हता. वापरलेला माल परत घेता येत नाही, त्यामुळे नुकसान काकांचे झाले आणि बोलणी मी खाल्ली.

आमच्या शेठनी मला रागावण्याआधी काकांच्या हातातल्या पिशवीतली, रफू करून आणलेली जीन्स मागून घेतली, बटण लावून काउंटरवर सपाट पसरली आणि पट्ट्यावर टेप धरली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वाअठरा इंच भरले, म्हणजे पूर्ण घेर साडेछत्तीस इंच, सुमारे ९३ सेंटिमीटर. आत लेबल मात्र ३४ चेच होते. पँटवरचा आकडा हे कंपनीने त्या मापाला दिलेले नाव असते आणि प्रत्यक्ष पट्टा त्याहून इंच-दोन इंच मोठा शिवलेला असणे अजिबात दुर्मीळ नाही. गिऱ्हाइकाला आपण अजून चौतीसमध्येच बसतो हे आवडते, हे त्यामागचे एक कारण आहे; दुसरे कारण असे की हल्लीच्या पँटी बेंबीच्या बऱ्याच खाली, कमरेच्या हाडाजवळ बसतात, आणि तिथला घेर खऱ्या कमरेपेक्षा वेगळा असतो. शिवाय पँटच्या आत खोचलेल्या शर्टालाही जागा ठेवावी लागते.

अंडरवेअरच्या बॉक्सवरचा ८५, ९० किंवा ९५ हा आकडा मात्र अंगाच्या घेराचा असतो, कपड्याच्या घेराचा नव्हे. नवी चड्डी न ताणता सपाट मोजली तर ती त्या आकड्यापेक्षा बरीच कमी भरते, कारण इलॅस्टिक ताणले जाणार हे धरूनच ती शिवलेली असते. म्हणून जुनी चड्डी मोजून नंबर काढू नये, विशेषतः जिचे इलॅस्टिक सैल पडले आहे ती तर मुळीच नाही. टेप शरीरावर, इलॅस्टिक जिथे टेकते तिथे, श्वास आत न ओढता आणि टेपखाली एक बोट जाईल इतकी सैल धरावी. पोट सुटलेल्या माणसाचे इलॅस्टिक पोटाखाली टेकते, त्यामुळे बेंबीवर घेतलेले माप त्याच्या कामाचे नसते. काकांचे माप ९३ भरले आणि शेठनी त्यांना ९५ दिले. दोन नंबरांच्या मधले माप आले की आमच्याकडे वरचाच नंबर काढतात, कारण किंचित सैल इलॅस्टिक चालते, पण दुमडणारे चालत नाही. मात्र कमरेला नंबर बरोबर बसून फक्त मांडीला काचत असेल, तर नंबर वाढवू नये, लांब पायाचा ट्रंक दाखवावा. बॉक्सवर नुसते मीडियम किंवा लार्ज छापलेले असेल तर त्याशेजारचे सेंटिमीटर वाचावेत. एका अक्षरात बहुधा दोन नंबर सामावलेले असतात आणि प्रत्येक कंपनीची वाटणी सारखी नसते.

नाडीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीला हे सगळे फारसे लागू नाही. तिथे कमर नाडीने जुळते, बघायची ती बैठक, म्हणजे नितंबांचा घेर.

बनियनच्या बाबतीत गिऱ्हाईक हमखास म्हणते, "त्याच नंबरची बनियनही द्या." बनियनचा आकडा छातीचा असतो, काखेखालून, छातीच्या सर्वांत रुंद भागावरून टेप फिरवून तो काढायचा. सडपातळ माणसाची कमर ८० आणि छाती ९० असणे नेहमीचे आहे आणि त्याला कमरेच्या नंबरची बनियन दिली तर ती काखेत रुतते. कमरेचे माप बनियनला एकाच ठिकाणी उपयोगी पडते: पोट छातीपेक्षा मोठे असेल तेव्हा. त्या काकांची छाती ९४ होती, पण बेंबीवरचा घेर १०१ भरला. छातीप्रमाणे ९५ ची बनियन पोटावर ताणली जाऊन पँटमधून वर सरकली असती, आणि सुती बनियन पहिल्या काही धुण्यांत लांबीला थोडी आटतेच. शेठनी त्यांना १०० ची दिली; खांद्यावर ती जराशी ढिली दिसत होती, पण काकांनी दोन्ही हात वर करून पाहिले, तिचे टोक पँटच्या आतच राहिले, आणि त्यांनी आणखी तीन बांधायला सांगितल्या.