दोन टोकं दिली असताना लंबदुभाजकाचं समीकरण कसं काढावं

उदाहरण घेऊ: A(-3, 5) आणि B(5, 1). रेषाखंड AB च्या लंबदुभाजकाचं समीकरण हवं आहे. नावातच दोन अटी आहेत. रेषा AB ला काटकोनात छेदायला हवी आणि AB चे दोन समान भाग करायला हवेत. म्हणून आपल्याला दोनच गोष्टी लागतात, एक बिंदू आणि एक चढ.

आधी मध्यबिंदू. x निर्देशकांची बेरीज करून निम्मी करायची, y चीही तशीच.

M = ((-3 + 5)/2, (5 + 1)/2) = (1, 3)

इथे बेरीजच असते. लगेच पुढे चढासाठी वजाबाकी करायची असल्यामुळे घाईत इथेही वजाबाकी होते आणि मध्यबिंदू (4, -2) असा भलतीकडेच जातो. मध्यबिंदूचा x हा -3 आणि 5 यांच्या मध्ये, तर y हा 1 आणि 5 यांच्या मध्ये पडायलाच हवा. तेवढं नजरेनं पाहिलं की ही चूक तिथेच सापडते.

आता AB चा चढ.

m = (1 - 5)/(5 - (-3)) = -4/8 = -1/2

लंब रेषेचा चढ काढताना अपूर्णांक उलटा करायचा आणि चिन्हही बदलायचं, म्हणजे 2. ही दोन्ही कामं का करायची, ते आलेख कागदावर लगेच दिसतं. अप्पा बळवंत चौकातून आणलेला साधा आलेख कागद पुरे. A पासून B कडे जाताना 8 घरं उजवीकडे आणि 4 घरं खाली जावं लागतं. आता कागद घड्याळाच्या उलट दिशेनं पाव वळण फिरवा. उजवीकडची 8 घरं वर गेली, खालची 4 घरं उजवीकडे आली. म्हणजे नवी चाल 4 उजवीकडे, 8 वर, आणि चढ 8/4 = 2. आकड्यांच्या जागा बदलल्या म्हणून अपूर्णांक उलटला, ‘खाली’चं ‘उजवीकडे’ झालं म्हणून चिन्ह बदललं. एक मात्र सांभाळा: दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखंच घ्या. X अक्षावर 1 सेमी = 2 एकक आणि Y अक्षावर 1 सेमी = 1 एकक घेतलं, तर उत्तर बरोबर असूनही आकृतीत काटकोन दिसणार नाही आणि उगाच खाडाखोड होईल.

बिंदू (1, 3) आणि चढ 2 वापरून समीकरण लिहू.

y - 3 = 2(x - 1)
2x - y + 1 = 0

आता ताळा. बहुतेक जण मध्यबिंदूच समीकरणात घालून पाहतात: 2 - 3 + 1 = 0, झालं. पण एवढ्यानं भागत नाही. अपूर्णांक उलटा करायला विसरून चढ 1/2 घेतला, तर समीकरण x - 2y + 5 = 0 येतं, आणि (1, 3) त्यावरही असतोच. मध्यबिंदूतून हव्या तितक्या रेषा जातात, त्यामुळे चढ चुकला तर या ताळ्यात काहीच कळत नाही.

खरा ताळा दुसऱ्या बिंदूवर करा. लंबदुभाजकावरचा प्रत्येक बिंदू A आणि B पासून सारख्याच अंतरावर असतो. आपल्या रेषेवर x = 0 घेतलं की (0, 1) मिळतो. A पासून अंतराचा वर्ग 9 + 16 = 25, B पासून 25 + 0 = 25. जुळलं. चुकलेल्या रेषेवरचा (3, 4) घेऊन पाहा: A पासून 37, B पासून 13. चूक लगेच उघडी पडते. मध्यबिंदूऐवजी A मधूनच लंब काढला, म्हणजे y = 2x + 11 लिहिलं, तरी हाच ताळा ती चूक पकडतो. (0, 11) साठी वर्ग 45 आणि 125 येतात. वर्गमूळ काढायची गरज नाही, वर्ग जुळले की पुरे.

एका ठिकाणी मात्र चढाची रीत अडते. P(2, -3) आणि Q(2, 7) घेतले तर छेदात शून्य येतं, PQ चा चढ ठरवता येत नाही. रेषाखंड उभा आहे, म्हणून लंबदुभाजक आडवा आणि मध्यबिंदू (2, 2) मधून जाणारा, म्हणजे y = 2. रेषाखंड आडवा असेल तर लंबदुभाजक उभा, x = मध्यबिंदूचा x.

असे अपवाद लक्षात ठेवायचे नसतील, तर समान अंतराची अट थेट समीकरणात मांडा. पहिल्या उदाहरणात:

(x + 3)² + (y - 5)² = (x - 5)² + (y - 1)²

कंस सोडवले की x² आणि y² दोन्ही बाजूंनी उडतात आणि 16x - 8y + 8 = 0 उरतं. 8 ने भागलं की पुन्हा 2x - y + 1 = 0. वर्गपदं उडाली नाहीत, तर कंस सोडवताना चूक झाली आहे असं समजा. P, Q साठी हीच रीत वापरली तर (x - 2)² दोन्हीकडे सारखंच असल्यामुळे जातं, आणि (y + 3)² = (y - 7)² मधून 20y = 40, म्हणजे y = 2 मिळतं.